‘ती’ म्हणजे कोण? सेंटरिंग थिअरीने मराठी परिच्छेदातली सर्वनामं कशी सोडवावीत

आधी ही तीन वाक्यं वाचा.

रमेश सकाळपासून बेचैन होता. त्याने सुनीताला फोन केला. अंगात ताप असल्यामुळे अजून अंथरुणातच होती.

‘होती’पर्यंत पोचेपर्यंत ताप रमेशला आलेला असतो. शेवटच्या शब्दावर तो उचलून सुनीताच्या अंगात घालावा लागतो. व्याकरणात काहीही चुकलेलं नाही, आणि अर्थही शेवटी एकच निघतो. तरी वाचताना ठेच लागते. ती कुठे लागेल हे आधीच सांगता यावं, यासाठी सेंटरिंग थिअरी आहे.

हा सिद्धांत बार्बरा ग्रोस, अरविंद जोशी आणि स्कॉट वाइनस्टाइन या तिघांचा. त्यातले अरविंद जोशी १९२९ साली पुण्यात जन्मले आणि पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. कल्पना १९८३ च्या सुमारास मांडली गेली. सविस्तर लेख ‘कम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्स’ या नियतकालिकात १९९५ मध्ये आला. त्यातलं एक उदाहरण आपल्या रमेशसारखंच आहे: टेरी टोनीला पहाटे सहाला फोन करतो, आणि पुढच्या वाक्यातला ‘तो’ आजारी आणि संतापलेला असतो. अर्थावरून तो टोनी आहे हे कळतं, पण वाचणारा आधी टेरीकडे जाऊन मग परत फिरतो.

पुढची रीत भाषाविज्ञानाचे नवे विद्यार्थी, मराठी मजकुरावर खुणा करणारे आणि संपादनाचं काम करणारे यांच्यासाठी आहे. शाळेतलं प्रयोगांचं व्याकरण (कर्तरी, कर्मणी, भावे) आठवत असेल तर बाकी तयारी लागत नाही.

लागणारं साहित्य

- आठ ते बारा वाक्यांचा एक सलग परिच्छेद. सरावासाठी एकाच लिंगाची दोन माणसं असलेला घ्या. एक पुरुष आणि एक स्त्री असली की बहुतेक सर्वनामं लिंगावरूनच सुटतात आणि सिद्धांत शिकायला काही उरत नाही.
- पाच रकान्यांचा तक्ता, कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये: विधान, Cf, Cb, Cp, संक्रमण. यांचे अर्थ पुढच्या पायऱ्यांत येतील.
- मराठी सहज वाचणारी दोन-तीन माणसं. ती कशासाठी, ते शेवटी येईल.

## १. परिच्छेद विधानांत तोडा

प्रत्येक काळ दाखवणाऱ्या क्रियापदाला एक विधान धरा आणि त्यांना U1, U2, U3 असे क्रमांक द्या. ‘आणि’, ‘पण’ यांनी जोडलेली दोन वाक्यं म्हणजे दोन विधानं. ‘-ऊन’ लागलेला भाग (जाऊन, बसून, उघडून) मात्र वेगळा काढू नका. त्याचा कर्ता मुख्य क्रियापदाकडून येतो, म्हणून तो मुख्य विधानातच राहतो. तोडणी एकदा ठरवली की परिच्छेदभर तीच ठेवा. अर्ध्यात बदललीत तर पुढचे सगळे रकाने हलतात.

## २. कर्ता शोधा, पण क्रियापदावरून नको

सिद्धांताचा पाया असा: प्रत्येक विधानात जी माणसं आणि वस्तू येतात, त्यांची महत्त्वाप्रमाणे उतरंड लावायची. कर्ता सर्वांत वर, त्याखाली कर्मं, त्याखाली उरलेलं. इंग्रजीत कर्ता बहुधा क्रियापदाच्या आधीच्या जागेवरून कळतो. मराठीत तसं होत नाही, आणि नव्या माणसाची पहिली मोठी चूक इथेच होते.

मीनाने पिशवी टेबलावर ठेवली.

‘ठेवली’ हे रूप पिशवीमुळे आलं आहे. पिशवीऐवजी डबा असता तर ‘ठेवला’ झालं असतं. हा कर्मणी प्रयोग आहे, क्रियापद कर्माच्या मागे चाललं आहे. क्रियापदाशी जुळतो तोच कर्ता, असं धरून चाललात तर पिशवी उतरंडीच्या टोकावर जाईल आणि पुढचं गणित उलटं होईल. ‘सुनीताने मीनाला बोलावलं’ यात तर भावे प्रयोग आहे, क्रियापद कुणाशीच जुळत नाही.

त्याऐवजी दोन चाचण्या वापरा.

पहिली ‘आपला’ची. वाक्यात ‘आपला, आपली, आपलं’ घाला आणि ते कुणाचं होतं ते पाहा. ‘मीनाने आपली पिशवी ठेवली’: पिशवी मीनाची, म्हणून कर्ता मीना.

दुसरी ‘-ऊन’ची. ‘आत येऊन मीनाने पिशवी ठेवली’: आत कोण आलं? मीना. पिशवी आत आली असा अर्थ कुणी लावणार नाही.

याच चाचण्या ‘-ला’वाल्या वाक्यांतही उपयोगी पडतात. ‘मीनाला राग आला’ यात व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे आला तो राग. पण ‘ते ऐकून मीनाला राग आला’ म्हटलं की ऐकणारी मीनाच असते, आणि ‘मीनाला आपली बहीण आठवली’ यात बहीणही मीनाचीच. आवडणं, आठवणं, सुचणं, भूक लागणं, राग येणं अशा क्रियापदांत ‘-ला’ लागलेल्या माणसालाच सर्वांत वर ठेवा.

शब्दक्रमाकडेही फार पाहू नका. ‘मीनाला सुनीताने पुस्तक दिलं’ असं फिरवलं तरी दोन्ही चाचण्या सुनीताकडेच बोट दाखवतात. हिंदीबद्दल रश्मी प्रसाद आणि मायकेल श्ट्रुबे यांनी २००० मध्ये असाच निष्कर्ष मांडला होता: सर्वनामं सोडवताना उतरंड व्याकरणातल्या भूमिकेवर लावावी, शब्दक्रमावर नाही. मराठीसाठी सुरुवात तिथूनच करणं शहाणपणाचं.

## ३. तीन रकाने भरा

Cf म्हणजे विधानातल्या सगळ्या उल्लेखांची उतरंडीप्रमाणे यादी. पुढचं वाक्य यांतल्या कुणाबद्दलही असू शकतं, म्हणून ही ‘पुढची केंद्रं’. सर्वनाम असेल तर यादीत सर्वनाम लिहू नका, ते ज्याच्यासाठी आलं त्याचं नाव लिहा. गाळलेला कर्ताही यादीत हवाच. मराठीत तो सतत गाळला जातो आणि तक्त्यातूनही तितक्याच सहज गळतो.

Cp म्हणजे त्या यादीतलं पहिलं नाव.

Cb म्हणजे ‘मागचं केंद्र’, विधानाला आधीच्या विधानाशी जोडणारा दुवा. तो काढायची कृती नेमकी आहे: आधीच्या विधानाची Cf यादी वरून खाली वाचत या, आणि त्यातलं जे पहिलं नाव चालू विधानातही आलेलं आहे, ते Cb. क्रम आधीच्या यादीचा धरायचा, चालू यादीचा नाही. ही अदलाबदल सगळ्यांकडून होते आणि लगेच लक्षातही येत नाही, कारण सोप्या परिच्छेदांत दोन्हींचं उत्तर एकच येतं. तुमच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला Cb आणि Cp सारखेच निघत असतील, तर बहुधा हीच चूक झाली आहे.

पहिल्या विधानाला Cb नसतो. तिथे रेघ मारा.

## ४. संक्रमण ठरवा

संक्रमण म्हणजे एका विधानावरून पुढच्या विधानावर जाताना केंद्र कसं सरकतं ते. ते ठरवायला दोनच प्रश्न विचारायचे. Cb मागच्या विधानातलाच राहिला का? आणि आत्ताचा Cb हाच Cp आहे का?

```
                 Cb तोच        Cb बदलला
Cb = Cp          कंटिन्यू       स्मूथ शिफ्ट
Cb ≠ Cp          रिटेन         रफ शिफ्ट
```

मागच्या विधानाला Cb नसेल तर ‘तोच’ धरा. पसंतीचा क्रम कंटिन्यू, रिटेन, स्मूथ शिफ्ट, रफ शिफ्ट असा.

याच्या जोडीला सर्वनामाचा नियम आहे: आधीच्या विधानातलं कुणीही या विधानात सर्वनामाने आलं असेल, तर Cb सर्वनामाने यायलाच हवा. मराठीत गाळलेला कर्ताही सर्वनामच समजा.

## ५. एक परिच्छेद पूर्ण सोडवू

U1: शोभा सकाळी बँकेत गेली.
U2: तिने मीनाला दारापाशी पाहिलं.
U3: तिने तिला पासबुक दिलं.
U4: तिने ते उघडून पाहिलं.

ब्रेनन, फ्रीडमन आणि पोलार्ड यांनी १९८७ मध्ये दिलेली पद्धत वापरू. आधी सर्वनामाचे शक्य ते सगळे अर्थ मांडायचे, व्याकरणात न बसणारे काढून टाकायचे, आणि उरलेल्यांत ज्याचं संक्रमण सर्वांत पसंतीचं तो घ्यायचा.

U2 मधली ‘ती’ लिंगाने बँकही असू शकते, पण बँक कुणाला पाहत नाही. म्हणजे शोभा.

U3 मध्ये ‘तिने’ आणि ‘तिला’ एकाच क्रियापदाचे असल्यामुळे ती एकच व्यक्ती असू शकत नाही. तसं असतं तर ‘स्वतःला’ आलं असतं. दोन वाचनं उरतात:

```
U2       Cf = [शोभा, मीना, दार]      Cb = शोभा   Cp = शोभा   कंटिन्यू
U3 (क)   Cf = [शोभा, मीना, पासबुक]   Cb = शोभा   Cp = शोभा   कंटिन्यू
U3 (ख)   Cf = [मीना, शोभा, पासबुक]   Cb = शोभा   Cp = मीना   रिटेन
```

(ख) मध्येही Cb शोभाच का? कारण U2 च्या यादीत शोभा वर आहे आणि ती U3 मध्ये आलेली आहे. कंटिन्यू पसंतीचं, म्हणून (क). वाचणाऱ्यालाही तेच वाटतं: शोभाने मीनाला पासबुक दिलं.

आता U4.

```
U4 (क)   तिने = शोभा   Cb = शोभा   Cp = शोभा   कंटिन्यू
U4 (ख)   तिने = मीना   Cb = मीना   Cp = मीना   स्मूथ शिफ्ट
```

पद्धत शोभा म्हणते. वाचणारे बहुधा मीना म्हणतील, कारण ज्याच्या हातात वस्तू जाते तोच ती उघडतो. तक्ता बरोबर भरला आहे, उत्तर मात्र चुकलं आहे. उतरंड फक्त व्याकरणावर लावली की देणं, पाठवणं, सांगणं अशा क्रियापदांनंतर हे पुन्हा पुन्हा होतं. या क्रियापदांनी घटना घेणाऱ्याकडे जाऊन थांबते, आणि वाचणाऱ्याचं लक्षही तिथेच जातं. स्टीव्हन्सन, क्रॉली आणि क्लाइनमन यांच्या १९९४ च्या प्रयोगांत इंग्रजीतही घेणाऱ्याकडचा हा कल दिसला होता.

अशा जागी तक्ता पुसून ‘मीना’ लिहू नका. रकान्यात शोभा ठेवा, शेजारी माणसांचं वाचन लिहा आणि ‘देवघेवीचं क्रियापद’ अशी खूण करा. अशा दहा-बारा खुणा जमल्या की सिद्धांत कुठे अपुरा पडतो ते तुमच्याच मजकुरात दिसतं. आणि मजकूर तुमच्या हातात असेल तर U4 मध्ये सरळ ‘मीनाने’ लिहा. लक्ष वळत असताना नाव घेणं हाच मराठीतला नेहमीचा उपाय आहे.

## ६. उतरंड आणि व्याकरण भांडतात तेव्हा

व्याकरण ‘कोण असूच शकत नाही’ हे सांगतं. उतरंड ‘आधी कुणाकडे लक्ष जाईल’ हे सांगते. दोघांचं उत्तर वेगळं आलं की अर्थ व्याकरणाचा धरायचा, पण वाचणाऱ्याला पडणारे कष्ट उतरंडीवरून मोजायचे. हे तीन ठिकाणी नीट पाहता येतं.

उशिरा येणारं लिंग. सुरुवातीच्या परिच्छेदात U2 चा Cb रमेश आहे. U3 मध्ये कर्ता गाळलेला. रमेश धरला तर कंटिन्यू, सुनीता धरली तर स्मूथ शिफ्ट. उतरंड रमेशच्या बाजूने, आणि तिला विरोध करणारा एकमेव पुरावा ‘होती’मधला ईकार. तोही वाक्याच्या अगदी शेवटी. क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषेत हे ठरलेलंच आहे: कर्ता गाळला की लिंगाची खूण शेवटच्या शब्दाआधी मिळत नाही. ‘ती अंगात ताप असल्यामुळे…’ एवढा एक शब्द आधी घातला की ठेच जाते, संक्रमण मात्र स्मूथ शिफ्टच राहतं.

इथे एक सावधगिरी. पहिलं वाक्य काढून उरलेल्या दोनच वाक्यांवर हे करून पाहिलंत तर फोनच्या वाक्याला Cb नसेल, आणि रमेश व सुनीता दोन्ही वाचनं कंटिन्यू ठरतील. तुलना करायची तर निदान तीन विधानं हवीत.

याहून नाजूक प्रकार म्हणजे लिंगाची खूण मुळीच न येणं. ‘सुनीताने रमेशला घरी बोलावलं. चहा दिला.’ चहा कुणी दिला? ‘दिला’ चहाशी जुळलं आहे, देणाऱ्याचं लिंग कुठेच नाही. भूतकाळी सकर्मक क्रियापदाचा कर्ता गाळला की व्याकरण गप्प बसतं आणि सगळा भार उतरंडीवर येतो, म्हणून आपण सुनीता घेतो. ‘लगेच निघाला’ असं असतं तर क्रियापद अकर्मक, जुळणी कर्त्याशी, म्हणजे रमेशच. पण वाक्य तुटक लागतं. ‘तो लगेच निघाला’ लिहिलं की बसतं. खुणा करताना गाळलेल्या प्रत्येक कर्त्यापुढे ‘लिंग दिसतं’ किंवा ‘लिंग दिसत नाही’ एवढं नोंदवा. मराठी मजकुरात ही नोंद सर्वांत उपयोगी ठरते.

‘आपला’. ‘मीना बऱ्याच दिवसांनी आली होती. सुनीताने तिला आपली खोली दाखवली.’ दुसऱ्या विधानाचा Cb मीना आहे, परिच्छेद तिच्याबद्दल चालला आहे, ‘तिला’ हे सर्वनामही तिचंच. तरी खोली सुनीताची, कारण ‘आपला’ कर्त्याला बांधलेला असतो. इथे वाचणारा अडखळत नाही, कारण खूण नामाच्या आधीच येते आणि पक्की असते. उलट ‘तिची खोली’ लिहिलंत तर बहुतेकांना ती मीनाची वाटेल. फक्त दोन गोष्टी तपासा. बोलण्यातला ‘आपला’ म्हणजे ‘तुमचा-आमचा’ तर नाही ना? आणि वाक्यात ‘की’ आहे का? ‘रमेशला वाटलं की सुरेशने आपल्याला फसवलं’ यात ‘आपल्याला’ म्हणजे रमेश. ‘आपण’ स्वतःच्या वाक्याबाहेरच्या कर्त्यापर्यंत पोचू शकतो. ‘स्वतःला’ लिहिलं असतं तर आधी सुरेशकडे लक्ष गेलं असतं.

नाव आणि सर्वनामाची उलटापालट. ‘रमेश दुकानात गेला. त्याने सुरेशला हाक मारली. त्याने रमेशकडे पाहिलं.’ तिसऱ्या विधानात ‘त्याने’ म्हणजे रमेश असू शकत नाही, नाहीतर ‘स्वतःकडे’ आलं असतं. म्हणून सुरेश. पण Cb आहे रमेश, आणि तो नावाने आला असून सुरेश सर्वनामाने आला आहे. चौथ्या पायरीतला नियम इथे मोडला. अर्थ एकच निघतो, तरी वाक्य खटकतं, एखाद्याला हा दुसराच रमेश वाटेल. ‘सुरेशने त्याच्याकडे पाहिलं’ असं केलं की नियमही पाळला जातो आणि खटकाही जातो.

## ७. ‘ते’ आणि ‘त्यांनी’ वेगळे काढा

आदरार्थी बहुवचन तक्त्यात एकच व्यक्ती म्हणून लिहा. ‘सरांनी सुरेशला बोलावलं. त्याने दार लावलं’ यात वचनावरूनच सुरेश ठरतो, उतरंडीला विचारायची गरज नाही. पण ‘सरांनी विद्यार्थ्यांना बोलावलं. ते चिडले होते’ यात ‘ते’ सरही असू शकतात आणि विद्यार्थीही. ‘त्यांनी’, ‘त्यांना’ या रूपांत तर लिंगही पुसलेलं असतं, सर, बाई, मुलं सगळ्यांना एकच रूप. म्हणून अशा प्रत्येक सर्वनामापुढे आधी ‘एक’ किंवा ‘अनेक’ लिहा आणि मगच Cb काढा. उतरंडीने सर येतील. ते बरोबर आहे का, हे पुढचं वाक्य सांगेल.

## ८. तक्ता माणसांवर तपासा

सुरुवातीला सांगितलेली दोन-तीन माणसं आता लागतील. त्यांना परिच्छेद वाचायला द्या, प्रत्येक सर्वनामानंतर थांबवा आणि ‘हे कोण?’ एवढंच विचारा. तुमचा तक्ता दाखवू नका. एकेका उत्तराच्या तीन शक्यता आहेत. तक्ता आणि माणसं जुळली तर पुढे जा. सगळी माणसं मिळून तक्त्याच्या विरुद्ध गेली तर आधी कर्त्याच्या दोन्ही चाचण्या पुन्हा लावा. तिथे काही सापडलं नाही तर कारण बहुधा क्रियापदाच्या अर्थात असतं, U4 सारखं. आणि माणसांमध्येच फाटाफूट झाली तर उत्तराच्या जागी ‘संदिग्ध’ लिहा, बहुमताने एक नाव निवडू नका.